हुंकार न देणारं गिऱ्हाईक: पडद्यावरच्या विक्रीचा इतिहास

आजचा विषय व्हिडिओ कॉलवर माल विकण्याचा इतिहास. हा इतिहास म्हणजे यंत्रांची जंत्री असं कुणाला वाटेल, पण मला त्यातला एकच धागा आज तुमच्यासमोर सोडवायचा आहे. विकणारा दाखवत असतो, बोलत असतो, आणि समोरचा गप्प असतो. त्या गप्प माणसाच्या मनात काय चाललंय, हे पडद्यातून ओळखायचं कसं? गेली पन्नास-साठ वर्षं वेगवेगळ्या लोकांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं दिली. त्यातली काही साफ चुकली, काही अर्धवट बरोबर निघाली. ती क्रमानं पाहू.

आधी एक गोष्ट मान्य करू. गप्प गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलनं जन्माला घातलेलं नाही. आपल्याकडे बाजारात हत्ता पद्धत होती. रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. तोंडातून एक अक्षर निघायचं नाही. शेतकऱ्याला तिथं काय ठरलं ते कळत नसे, म्हणून पुढं ती पद्धत बंद केली गेली. पण दोन व्यापाऱ्यांपुरतं पाहिलं, तर ते मौन मुकं नव्हतं. बोट किती जोरात दाबलं, हात किती वेळ थांबला, सगळं कळत होतं. कापडाच्या दुकानातही तसंच. गादीवर बसलेला माणूस साड्या उलगडत जातो आणि बाईंचा हात कोणत्या साडीवर रेंगाळला तेवढंच पाहतो. पुढची साडी त्या हातावरून ठरते. म्हणजे प्रत्यक्ष विक्रीत तीन कामं एकाच वेळी होतात: दाखवणं, लक्ष धरून ठेवणं आणि समोरच्याला वाचणं. दूरवरून विकायला लागल्यावर ही तीन कामं सुटी झाली. इतिहासात ज्यानं त्यानं त्यातलं एकेक उचललं.

सुरुवात चेहऱ्यापासून झाली. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीनं १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ लोकांपुढे मांडला, आणि जुलै १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची व्यावसायिक सेवा सुरू केली. भाडं महिन्याला १६० डॉलर. त्यात ३० मिनिटं बोलणं धरलेलं, त्यापुढे मिनिटाला २५ सेंट. १९७० साली ही रक्कम मोठीच होती, त्यामुळे घरगुती गिऱ्हाइकाचा प्रश्नच नव्हता. कंपनीची भिस्त धंदेवाईक लोकांवर होती. कल्पना अशी की साहेब प्रवास टाळतील, समोरासमोर बसल्यासारखे सौदे करतील.

तसं झालं नाही. पिट्सबर्ग आणि नंतर शिकागो मिळून ग्राहकांची संख्या शेकड्यांतच राहिली, आणि काही वर्षांत सेवा गुंडाळली गेली. कारणं बरीच दिली जातात. पैसा हे एक. दुसरं असं की फोन करायचा तर पलीकडेही पिक्चरफोन लागतो, आणि तो कुणाकडेच नाही. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं तिसरं कारण जास्त बोलकं आहे. त्याचा पडदा साधारण पाच इंचांचा, चित्राच्या रेषा २५० च्या आसपास. चेहरा दिसायला तेवढं पुरतं. कागद वाचायला पुरत नाही. इंजिनिअरांना याची जाणीव होती, म्हणून त्यांनी यंत्रात एक छोटा आरसा बसवला होता. तो कॅमेऱ्यापुढे पाडला की टेबलावर ठेवलेला कागद पलीकडे दिसायचा. आपण ज्याला स्क्रीन शेअरिंग म्हणतो त्याचा हा एक पूर्वज समजा. पण टाइप केलेलं अख्खं पान त्यात वाचता येत नव्हतं. म्हणजे सौद्यातला चेहरा होता, सौद्यातला माल नव्हता. आणि चेहऱ्यापुरतं साध्या फोनवरचा आवाजही बरंच काही सांगून जातो. त्यासाठी १६० डॉलर कोण देणार?

याच यंत्रात आणखी एक बटण होतं, स्वतःचंच चित्र पाहायचं. आपण कॅमेऱ्यात नीट बसलोय का ते तपासायला. तपासून झालं की बंद करायचं. आज आपल्या कॉलमध्ये ते चित्र सतत उघडं असतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली, त्यातलं एक हेच आहे: दिवसभर आरशासमोर बसल्यासारखं स्वतःकडे पाहत राहणं. विक्रेत्याला याचा तोटा सरळ होतो. ज्या डोळ्यांनी गिऱ्हाईक पाहायचं ते स्वतःच्या केसांवर खिळलेले राहतात. तेव्हा जुन्या इंजिनिअरांची रीत बरी होती. एकदा पाहा आणि आपलं चित्र लपवा.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. पिट्सबर्गच्या दीड वर्ष आधी, ९ डिसेंबर १९६८ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संगणक परिषदेत डग्लस एंगेलबार्ट नावाच्या संशोधकानं सुमारे दीड तासाचं प्रात्यक्षिक केलं. माउस लोकांनी तिथं पहिल्यांदा पाहिला म्हणून ते प्रसिद्ध आहे. पण आपल्यासाठी त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा. एंगेलबार्ट मंचावर आणि त्याचे सहकारी मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत, तीसेक मैलांवर. मध्ये मायक्रोवेव्हचा दुवा. मोठ्या पडद्यावर एक मजकूर दिसतोय, कोपऱ्यात सहकारी बिल पॅक्स्टनचा चेहरा आहे, आणि दोघंही एकाच मजकुरावर आपापल्या खुणा फिरवतायत. आज तुम्ही कॉल उघडला की जी मांडणी दिसते ती हीच: मोठा कागद, छोटा चेहरा.

एंगेलबार्ट काही विकत नव्हता. सरकारी पैशावर संशोधन करणारा माणूस होता. पण पडद्यावरून डेमो कसा द्यावा याचे दोन धडे त्या दीड तासात आहेत. पहिला धडा: त्यानं यंत्राच्या रचनेपासून सुरुवात केली नाही. बाजारातून आणायच्या सामानाची यादी उघडली. केळी, सूप वगैरे. मग त्या यादीचे गट पाडले, कोणत्या दुकानातून काय आणायचं ते रस्त्याच्या नकाशावर लावलं. सभागृहातले हजारभर लोक संगणकातले तज्ज्ञ होते, तरी यादी सगळ्यांना घरची होती. नवीन गोष्ट एका वेळी एकच, बाकी सारं ओळखीचं, म्हणून लक्ष टिकलं. दुसरा धडा: पुढं काय करणार ते तो आधी बोलायचा, मग करायचा. पडद्यावर काही हललं तर ते का हललं हे प्रेक्षकाला अगोदरच माहीत असायचं. हे साधं वाटतं, पण आजही नव्वद टक्के डेमो इथंच गडबडतात असं म्हटलं तर वावगं होणार नाही. माउस भराभर फिरतो, तीन खिडक्या उघडतात आणि मग विक्रेता सांगतो, ‘हे आत्ता मी काय केलं...’ तोवर पाहणारा मागे राहिलेला असतो.

याला एक तांत्रिक कारणही आहे. स्क्रीन शेअर करताना तुमच्या पडद्याची चित्रं क्रमानं टिपली जातात, जेवढा भाग बदलला तेवढा दाबून-आकसून पाठवला जातो, पलीकडे तो पुन्हा जोडला जातो. अक्षरं स्पष्ट राहावीत म्हणून सेकंदाला थोडीच चित्रं पाठवण्याकडे कल असतो. पडदा स्थिर असला की अक्षर स्वच्छ येतं. तुम्ही भरकन पान सरकवलं की सगळा पडदा एकदम बदलतो, आणि पलीकडे क्षणभर धुरकट ठिगळं दिसतात. आवाज मात्र वेगळ्या वाटेनं आधी पोचतो. तुम्ही ‘हा आकडा बघा’ म्हणता तेव्हा समोरच्याच्या पडद्यावर अजून मागचंच पान असतं. म्हणून पान बदललं की एक श्वास थांबायचं, मग बोलायचं.

आता १९९० च्या दशकात येऊ. इंटरनेट आलं, ब्राउझर आला. १९९६ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतून प्लेसवेअर नावाची कंपनी बाहेर पडली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात सुब्रा अय्यर आणि मिन झू यांनी वेबेक्स सुरू केली. फोनवर बोलायचं आणि ब्राउझरमध्ये पाहायचं, अशी दुहेरी व्यवस्था होती. चेहरा जवळजवळ गायबच. म्हणजे पिक्चरफोनच्या नेमकं उलट: माल आहे, चेहरा नाही. आणि विशेष म्हणजे हे चाललं. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांनी ते उचललं, कारण त्यांचा मालच मुळी पडद्यावरचा. पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांनाही त्यातून रस्ता मिळाला. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला डेमो द्यायला दर वेळी व्हिसा आणि विमान नको. फक्त रात्र जागवायची. उन्हाळ्यात शिकागोचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे आठ.

पण आता विक्रेत्याला समोरचा अजिबात दिसेना. प्लेसवेअरवाल्यांनी त्यावर एक गमतीशीर तोड काढली. त्यांनी सभागृहाचं चित्र काढलं, त्यात खुर्च्यांच्या रांगा. ऐकणाऱ्यानं बटण दाबलं की त्याच्या खुर्चीचा रंग बदलायचा: ‘हळू चला’, ‘समजलं नाही’, ‘पुढे चला’. पुढं मायक्रोसॉफ्टनं २००३ साली ही कंपनी घेतली, तरी रंगांची ही सोय टिकून होती. युक्ती प्रामाणिक होती, पण तिला मर्यादा होती. रंग बदलण्यासाठी माणसानं मुद्दाम बटण दाबावं लागतं. दुकानात बाईंचा हात साडीवर रेंगाळतो तो त्यांच्या नकळत. इथं नकळत काहीच होत नाही. आणि ज्याला कंटाळा आलाय तो ‘मला कंटाळा आलाय’ असं बटण दाबायला थांबत नाही. तो आपली मेल उघडतो. परिणामी बहुतेक खुर्च्यांचा रंग बदलतच नसे, आणि न बदललेल्या रंगाचा अर्थ कुणालाच सांगता येत नसे.

यावर उपाय म्हणून पुढची पायरी आली ती नजर ठेवण्याची. बटण दाबायला लावू नका, यंत्रालाच कळू द्या. झूममध्ये ही सोय होती. कुणी स्क्रीन शेअर करत असताना एखाद्याच्या संगणकावर झूमची खिडकी ३० सेकंदांहून जास्त वेळ पुढे नसली, तर यजमानाला त्याच्या नावाशेजारी घड्याळाची खूण दिसे. म्हणजे हा माणूस दुसरीकडे गेलाय. मार्च २०२० मध्ये जग घरी बसलं, आणि झूमवर रोज सभांना येणाऱ्यांची मोजणी डिसेंबर २०१९ मधल्या एक कोटीवरून एप्रिलमध्ये तीस कोटींवर गेली. मग या खुणेकडे लोकांचं लक्ष गेलं, ही तर पाळत आहे अशी ओरड झाली, आणि २ एप्रिल २०२० रोजी कंपनीनं ती सोय कायमची काढून टाकली.

पाळतीचा मुद्दा रास्तच होता. पण मी त्याहून वेगळं सांगतोय. पाळत म्हणून बाजूला ठेवली, तरी विक्रीचं माप म्हणून ती खूण खोटी होती, आणि दोन्ही बाजूंनी खोटी होती. समजा, समोरच्या खरेदी अधिकाऱ्यानं तुमचा डेमो पाहता पाहता स्वतःच्या साठ्याची एक्सेल फाइल उघडली, आपले कोड यात बसतील का ते ताडून पाहायला. तो सर्वांत रस घेणारा माणूस. त्याच्या नावापुढे घड्याळ लागणार. दुसरा झूमची खिडकी मोठी करून ठेवतो आणि मांडीवरच्या मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर पाहतो. त्याच्या नावापुढे काहीच नाही. खिडकी कुठं आहे ते यंत्र मोजतं. मन कुठं आहे ते मोजत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे मौनाकडे. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. आजी गोष्ट सांगायची आणि म्हणायची, ‘हुंकार दे, नाहीतर मी थांबले.’ बोलणाऱ्याला पुढं न्यायला ऐकणाऱ्याचा ‘हं’ लागतोच. व्हिडिओ कॉलनं नेमका तोच काढून घेतला. चार जण जोडलेले असले की सगळे म्यूटवर. म्यूट नसलं तरी आजूबाजूचा आवाज कमी करणारी यंत्रणा बारीक ‘हं’ला गोंगाट समजून दाबू शकते. आणि तुम्ही स्क्रीन शेअर केली की चेहरे टपाल तिकिटाएवढे होतात किंवा तुमच्याच कागदाखाली झाकले जातात. म्हणजे बघा, ज्या क्षणी तुम्ही माल दाखवता, नेमक्या त्याच क्षणी गिऱ्हाईक दिसेनासं होतं. दुकानात साडी उलगडणं आणि बाईंकडे पाहणं एकत्र चालायचं. इथं दाखवणं हे पाहण्याच्या आड येतं. माझ्या मते या सगळ्या तंत्राची मूळ अडचण ही आहे.

त्यात वेळेची भर. बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे भाषाशास्त्रज्ञांनी मोजलंय. २००९ साली दहा भाषांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. थोडा इकडेतिकडे फरक सोडला तर अंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास भरतं. इतकं कमी. त्याहून जरा जास्त वेळ गेला की आपल्याला वाटतं, हा कचरतोय, हा ‘नाही’ म्हणणार. आता पुणे ते शिकागो सरळ अंतर साधारण १३ हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जायला निदान ६५ मिलिसेकंद. पण तारा सरळ जात नाहीत, शिवाय आवाज दाबणं, साठवणं, उलगडणं यात आणखी वेळ जातो. एका बाजूनं २०० मिलिसेकंद धरू. तुमचा प्रश्न जायला २००, उत्तर यायला २००. समोरच्यानं अगदी झटकन उत्तर दिलं तरी तुमच्या कानाला ते जवळजवळ अर्धा सेकंद उशिरा येतं. त्याला तुम्ही कचरणं समजता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस एका बाजूला १५० मिलिसेकंदांपर्यंतच्या विलंबाची आहे, ती याचसाठी.

२०१४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी हे प्रयोगानं दाखवलं. दुव्यात मुद्दाम उशीर घातला तर लोक दोष दुव्याला देत नाहीत, समोरच्या माणसाला देतात: याचं लक्ष नाही, हा मोकळा नाही. विक्रेत्याचं इथंच बिनसतं. तो प्रश्न विचारतो, अर्धा सेकंद शांतता, तो घाबरून स्वतःच बोलायला लागतो. तेवढ्यात समोरच्याचं उत्तर येतं, दोघं एकमेकांवर आदळतात, ‘नाही नाही, तुम्ही बोला’ होतं. दोनदा असं झालं की समोरचा खरोखरच गप्प बसतो. म्हणजे हे मौन गिऱ्हाइकाचं नव्हतंच. तारेचं मौन विक्रेत्यानं गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधलं.

एक उदाहरण घेऊन चालू. उदाहरण कल्पित आहे, पण अशा बैठका रोज होतात. पुण्याची एक छोटी कंपनी सुट्या भागांच्या साठ्याचं सॉफ्टवेअर विकते. शिकागोजवळचा एक वितरक गिऱ्हाईक. कॉलवर चौघं: मालक, खरेदी अधिकारी, गोदामाचा प्रमुख आणि संगणक विभागातला एक जण. कॅमेरे सगळ्यांचे बंद. वेळ ४० मिनिटं. विक्रेती वीस मिनिटं सलग बोलली. मग विचारलं, ‘सगळं नीट कळतंय ना? काही प्रश्न?’ शांतता. मालक म्हणाला, ‘नो, लुक्स गुड.’ ती पुढे गेली. कॉल संपला. पुन्हा फोन आला नाही.

‘काही प्रश्न?’ हा प्रश्न तिथं निरुपयोगी होता, कारण त्याला ऐकलेला आणि न ऐकलेला दोघंही एकच उत्तर देतात. तो कुणा एकाला विचारलेला नसल्यानं चौघंही दुसऱ्याची वाट पाहतात. शिवाय मालक हजर असताना गोदामाचा माणूस ‘हे आमच्याकडे चालणार नाही’ असं आपणहून म्हणत नाही. म्हणजे एकाच शांततेत निदान चार मौनं मिसळलेली होती: तारेचं, म्यूटचं, हुद्द्याचं आणि खरं. चारांचा आवाज सारखाच. ती वेगळी करायची तर प्रश्न बदलावा लागतो.

तीच बैठक दुसऱ्या रीतीनं मांडू. विक्रेतीनं आदल्या दिवशी गिऱ्हाइकाकडून त्यांच्याच २० वस्तूंची यादी मागवली आणि डेमोत तीच भरली. एंगेलबार्टची सामानाची यादी म्हणा. आपला मोबाइलही दुसरा पाहुणा म्हणून कॉलला जोडून समोर ठेवला. त्यावर पलीकडे काय दिसतंय आणि किती उशिरा, ते कळतं, आणि चेहरे असतील तर तेही झाकले जात नाहीत. पाचव्या मिनिटाला तिनं गोदामाच्या प्रमुखाला नाव घेऊन विचारलं, ‘डावीकडे चौथ्या ओळीत जो बेअरिंगचा कोड आहे, तो तुमच्या गोदामात याच नावानं ओळखतात का?’ हा प्रश्न ऐकून चालत नाही, पाहावं लागतं. आणि तो मताचा नाही, माहितीचा आहे, म्हणून मालकासमोर उत्तर देण्यात जोखीम नाही. विचारून तिनं मनात पाचपर्यंत मोजलं. दुसऱ्या आकड्याला म्यूट काढल्याचा खट्ट आवाज आला. ‘नाही, आम्ही जुना नंबरच वापरतो, आणि परत आलेल्या मालाला वेगळी खूण लावतो.’

मंडळी, हा हुंकार. परत आलेल्या मालाचा मुद्दा त्यानं स्वतः काढला, म्हणजे तो मनात सॉफ्टवेअर आपल्या गोदामात नेऊन पाहत होता. गिऱ्हाईक अपवाद विचारू लागलं, आपल्या घरचे शब्द वापरू लागलं, ‘आमच्या दुसऱ्या शाखेत कसं होईल’ म्हणू लागलं, तर ते आत आलेलं आहे, मग आवाजात नाराजी का असेना. उलट ‘छान आहे, कळवतो’ हे वाक्य कानाला गोड आणि आतून रिकामं. आक्षेप घेणाऱ्यापेक्षा कौतुक करणाऱ्याची काळजी करावी.

त्यानंतर तिनं शेअरिंग थांबवलं. हे लोक सहसा करत नाहीत. कागद गेला की पडद्यावर फक्त माणसं उरतात, सिनेमा संपून दिवे लागल्यासारखं होतं आणि लोक बोलतात. तिनं विचारलं, ‘परत आलेला माल तुमच्याकडे आज कसा नोंदवतात, मला सांगाल का?’ मग माउसचा ताबा गोदामाच्या प्रमुखाकडे दिला: ‘तुम्हीच एक नोंद करून बघा.’ तो अडखळला, चुकीच्या ठिकाणी गेला. पण तो कुठं अडखळला हे तिला दिसलं. दुकानातल्या बाईंचा रेंगाळणारा हात तिला पन्नास वर्षांच्या यंत्रांनंतर असा परत मिळाला, माउसच्या खुणेच्या रूपानं.

ताबा देण्याची ही गोष्ट आपल्याकडे साडीच्या दुकानांनी कुणी न शिकवता शोधून काढली. टाळेबंदीच्या काळात दुकानं बंद, लग्नं मात्र ठरलेली. अनेक दुकानदारांनी आणि विणकरांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर साड्या दाखवल्या. तिथं गप्प गिऱ्हाइकाचा प्रश्न फारसा आलाच नाही. का? कारण कॅमेरा कुठं न्यायचा ते गिऱ्हाईक सांगत होतं. ‘पदर जवळून दाखवा. आता उलटी बाजू.’ हातमागाची पैठणी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, हे जाणकार बायकांना ठाऊक असतं. ज्या बाईंनी उलटी बाजू मागितली त्यांना पैठणी कळते, हे दुकानदाराला त्या एका मागणीतून कळलं. अडचण रंगाची होती. मोबाइलचा कॅमेरा आपल्या मतानं रंग सावरतो, डाळिंबी लाल होतो, मोरपंखी निळा होतो. त्यावर साडीशेजारी पांढरा कागद ठेवायचा आणि साडी खिडकीच्या उजेडात न्यायची. कागद पांढरा दिसला तर रंगावर बराचसा भरवसा ठेवता येतो, तो पिवळट दिसला तर नाही.

नजरेबद्दल एक शब्द. कॅमेरा वर आणि चेहरा खाली, म्हणून व्हिडिओवर नजरानजर होत नाही, ही पिक्चरफोनपासूनची तक्रार. २००२ साली मिल्टन चेन यांनी मोजून दाखवलं की नजर डोळ्यांच्या थोडी खाली असली तर पाहणाऱ्याला खटकत नाही. बाजूला किंवा वर गेली तर लगेच खटकते. म्हणजे गिऱ्हाइकाची खिडकी कॅमेऱ्याच्या अगदी खाली, जवळ ठेवली की काम भागतं. कॅमेऱ्याच्या भिंगाकडे टक लावून बसायची गरज नाही. तसं बसलात तर गिऱ्हाइकाला तुम्ही दिसता, पण तुम्हाला गिऱ्हाईक दिसत नाही.

या सगळ्याची सीमाही सांगतो. यातलं काहीही करून शंभरातली सगळी मौनं उलगडत नाहीत. जिथं निर्णय कॉलवर नसलेल्या माणसाच्या हातात आहे, तिथं चौघांना कितीही बोलतं केलं तरी सौदा पुढं सरकत नाही. तिथं कॉलचं काम एवढंच, की तो पाचवा कोण आहे आणि त्याला हे चौघं काय सांगणार आहेत, ते शोधणं. ‘तुम्ही हे त्यांना कसं सांगाल?’ असं विचारलं आणि समोरच्यानं दोन वाक्यांत नीट सांगितलं, तर डेमो पोचला. त्याला सांगता आलं नाही, तर अडचण मौनाची नव्हती, आपल्या मांडणीची होती.

चेहरा दाखवणारं यंत्र, कागद दाखवणारं यंत्र, रंगीत खुर्च्या, घड्याळाची खूण, हे सगळे प्रयत्न गिऱ्हाइकाला न विचारता त्याचं मन वाचण्याचे होते. टिकली ती रीत वेगळी आहे: काहीतरी त्याच्या हातात द्यायचं, आणि मग थांबून पाहायचं. आता माझं बोलणं इथं थांबवतो. तुमच्यापैकी ज्यांनी म्यूटवर बसून ऐकलं, त्यांनी प्रश्न जरूर विचारावेत. मी पाचपर्यंत मोजायला तयार आहे.